तू, तुम्ही, की दोन्ही टाळायचं?

मध्यंतरी एका इंग्रजी पोलिसी मालिकेची मराठी आणि हिंदी सबटायटल्स मी एकटीने केली. करारामुळे मालिकेचं नाव सांगता येत नाही, आणि पात्रांची नावंही इथे बदलली आहेत. एकच संवाद दोन्ही भाषांत करायचा असला की एक गोष्ट लगेच कळते. मराठीत घेतलेला ‘तू-तुम्ही’चा निर्णय हिंदीत तसाच उचलता येत नाही.

भाषांतराला हात लावण्याआधी मी सगळे भाग बघून एक तक्ता केला. कोण, कोणाशी बोलतो, काय म्हणतो. ‘डॅनियल आणि केट’ अशी एक ओळ पुरत नाही. ‘डॅनियल केटला’ आणि ‘केट डॅनियलला’ अशा दोन ओळी लागतात, कारण आपल्याकडे एका बाजूने तू आणि दुसऱ्या बाजूने तुम्ही हे अगदी रोजचं आहे. डॅनियल 58 वर्षांचा वरिष्ठ अधिकारी, केट 31 वर्षांची, त्याच्या हाताखालची. तो तिला तू म्हणणार, ती त्याला तुम्ही. शेवटचा रकाना होता ‘माघारी’, म्हणजे ती व्यक्ती समोर नसताना तिच्याबद्दल कसं बोलायचं. केट नवऱ्याशी बोलताना डॅनियलला इंग्रजीत नुसतं ‘ही’ म्हणते. तिथे मराठीत ‘तो’ लिहिलं, तर समोर दाखवलेला आदर खोटा वाटायला लागतो.

घरातल्या ओळींत दोन्ही भाषा वेगळ्या झाल्या. डॅनियलची सोळा वर्षांची मुलगी बापाशी भांडते. आजच्या शहरी मराठी घरात ती म्हणेल, ‘बाबा, तू माझं ऐकतच नाहीस.’ तीच मुलगी हिंदीत म्हणेल, ‘पापा, आप मेरी सुनते ही नहीं।’ हिंदीत तिथे ‘तू’ घातलं तर ती उर्मट ठरते, आणि मराठीत ‘तुम्ही’ घातलं तर भांडण एकदम मागच्या पिढीत जातं. मराठीतल्या एका ‘तू’मध्ये हिंदीचं ‘तुम’ही येतं आणि ‘तू’ही. त्यामुळे केट आणि तिचा नवरा मराठीत एकमेकांना तू म्हणतात आणि हिंदीत तुम.

सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो फोनवरच्या अनोळखी माणसाने. पहिल्या भागापासून कोणीतरी यंत्राने आवाज बदलून डॅनियलला धमक्या देतं. तो माणूस कोण हे सातव्या भागात कळतं: डॅनियलच्याच हाताखाली शिकलेला, नोकरी सोडून गेलेला एक अधिकारी. इंग्रजी ‘यू’मधून काहीच फुटत नाही. मराठीत मात्र ‘तू’ लिहिलं तर प्रेक्षकाला वाटणार की बरोबरीचा किंवा मोठा कोणीतरी आहे, आणि ‘तुम्ही’ लिहिलं तर हा कोणी जुना कनिष्ठ असावा असा अंदाज चाणाक्ष माणूस दुसऱ्याच भागात बांधणार. शिवाय आवाज बाईचा की पुरुषाचा हेही झाकलेलं, आणि आपलं क्रियापद ते लगेच सांगून टाकतं.

म्हणून या माणसाच्या तोंडी दोन्ही रूपं येऊ द्यायची नाहीत असं ठरवलं. मराठीत हे जमतं, कारण आपण बोलताना नाहीतरी सर्वनाम गाळतो. सांभाळायची ती क्रियापदाची शेपटी. ‘तू उशीर केलास’ऐवजी ‘उशीर झाला.’ ‘एकटा ये’ऐवजी ‘एकट्याने यायचं.’ ‘पैसे आणलेस का’ऐवजी ‘पैसे आणले?’ ‘मी बघतोय’मध्ये बोलणारा पुरुष आहे हे उघड होतं, म्हणून ‘मला सगळं दिसतंय.’ ‘तुला मी आठवतो का’च्या जागी ‘माझी आठवण आहे?’ डॅनियल उलट विचारतो, ‘हू आर यू?’ त्याला तर फोनवर आपण सगळे विचारतो तेच चाललं, ‘कोण बोलतंय?’ हिंदीतही वाट सापडली: ‘देर हो गई।’ ‘अकेले आना है।’ ‘मुझे सब दिख रहा है।’ या अशा रचनांनी धमकी आणखी थंड झाली, ते मला फार आवडलं.

पण ही युक्ती जपून वापरावी लागते. धमकीची वाक्यं तोकडी असतात म्हणून ती खपते. हाच माणूस पाचव्या भागात जरा लांबलचक बोलतो, तिथे प्रत्येक वाक्य असं वळवलं की सरकारी सूचनेसारखं वाचायला लागलं. तिथे मी मधली वाक्यं डॅनियलबद्दल न ठेवता घडलेल्या घटनेबद्दल केली. ‘तू तिला मरू दिलंस’चं ‘त्या रात्री ती वाचली असती’ झालं. आरोप तसाच राहिला.

सातव्या भागात मुखवटा गळतो आणि डॅनियल एकच शब्द म्हणतो, ‘यू?’ मराठीत ‘तू?’, हिंदीत ‘तुम?’ सहा भाग दाबून ठेवलेलं नातं तिथे एका अक्षरात उघडं पडतं. त्यानंतर तो माणूस डॅनियलला काय म्हणेल? हातात पिस्तूल आहे म्हणून ‘तू’वर उतरवणं सोपं होतं. मी ‘तुम्ही’ ठेवलं: ‘तुम्ही कधी साधे आभारसुद्धा मानले नाहीत.’ इतकी वर्षं मनात धरलेला राग जुन्याच आदराच्या रूपात बाहेर येतो तेव्हा तो जास्त अंगावर येतो असं माझं ठाम मत आहे.

केट आणि डॅनियलचं वळण याच्या उलट. सहाव्या भागात डॅनियल निलंबित होऊन घरी बसलेला असतो. केट येते, त्याला मूर्ख म्हणते आणि कोट घालायला सांगते. जवळीक वाढली म्हणून आता तिने त्याला ‘तू’ म्हणावं का? इंग्रजी संवादात तसा काही पुरावा नव्हता. याआधी ती चारचौघांत ‘बॉस’ आणि गाडीत नावाने हाक मारायची, तीच पद्धत इथेही होती. आणि मराठीत माया दाखवायला तुम्ही सोडावं लागत नाही. एक ‘हो’ पुरतो. मी लिहिलं, ‘काय वेडेपणा करताय हो? उठा, कोट घाला.’ सून सासऱ्याला, विद्यार्थिनी सरांना याच सुरात रागावते.

हिंदीत तो ‘हो’ नाही. ‘उठिए, कोट पहनिए’ फार स्वच्छ, इस्त्रीचं वाटत होतं. बोलताना लोक तिथे ‘आप’ तसंच ठेवून आज्ञा मात्र ‘तुम’ची वापरतात, ‘आप बैठो’, ‘आप बताओ’. व्याकरणाच्या पुस्तकाला हे मान्य नाही, पण आदर ठेवून हक्काने बोलायचं असेल तर हिंदीत याहून नेमकं काही मला माहीत नाही. म्हणून ‘आप भी ना! उठो, कोट पहनो।’

शेवटची तपासणी शोध लावून केली. फक्त ‘तू’ आणि ‘तुम्ही’ शोधून भागत नाही, कारण निम्म्याहून जास्त वाक्यांत ते शब्दच नसतात. ‘तुझ’, ‘तुला’, ‘तुमच’, ‘तुम्हाला’, मग ‘लास’, ‘लीस’, ‘लात’, ‘तेस’, ‘तोस’, ‘ताय’ असे शेवट शोधायचे आणि प्रत्येक ओळ तक्त्याशी ताडून बघायची. आज्ञार्थ असे सापडत नाहीत, ‘ये’ आणि ‘या’ शोधले तर शेकडो भलतेच शब्द येतात. त्यासाठी प्रत्येक जोडीचे प्रसंग सलग वाचून काढावे लागले.

अपेक्षेप्रमाणे हिंदीच्या त्या ओळीवर तपासनिसाची खूण आली, ‘आप-तुम मिसळले आहे’. मी तक्त्यातली केटची ओळ, प्रसंगाची वेळ आणि हे मिश्रण मुद्दाम का आहे ते दोन वाक्यांत लिहून पाठवलं. ओळ राहिली. फक्त ‘उठो’नंतर एक ‘ना’ घाला, असं त्यांनी सुचवलं, आणि तो ‘ना’ तिथे खरंच हवा होता.