दोन अंडरस्कोअर आणि हरवलेला मेसेज

आज दिवसभर एकाच हँडलचा घोळ निस्तरत होतो. हँडल होतं `chitra__lila`, मध्ये दोन अंडरस्कोअर. स्क्रीनवर दोन्ही जोडून एकच लांब रेघ दिसते. वाचणारा एकच टाइप करतो आणि `chitra_lila` हे दुसऱ्याच कुणाचं तरी चालू खातं निघतं. एरर येत नाही, मेसेज बिनबोभाट भलतीकडे जातो. हँडल अस्तित्वातच नसतं तर निदान लगेच कळलं तरी असतं!

अंडरस्कोअर सुरुवातीला आणि शेवटी असले तर आणखी मजा. `_lila_` असं व्हॉट्सॲपवर पाठवलं की ती इटॅलिकची खूण समजली जाते. समोरच्याला नुसतं तिरकं lila दिसतं, रेघा गायब. पाठवायचंच असेल तर प्रोफाइलची लिंक पाठवावी.

अक्षरांचं म्हणाल तर कॅपिटल `I` आणि स्मॉल `l` बऱ्याच साध्या फॉन्टमध्ये जुळे भाऊ. एक्सवर हँडल कॅपिटल-स्मॉलसकट जसंच्या तसं दिसतं, म्हणून `lila` आणि `IiIa` डोळ्यांना जवळपास सारखेच. शंका आली तर हँडल कॉपी करून सगळं स्मॉलमध्ये बदला: खरं `lila` राहतं, दुसऱ्याचं `iiia` होतं. `rn` आणि `m` मात्र यात सापडत नाहीत, त्यासाठी फॉन्ट मोठा करूनच बघावं लागतं.

टॅग करताना सजेशनमधलं पहिलं नाव पटकन दाबू नका. फोटोही चोरलेला असू शकतो, आधी प्रोफाइल उघडून जुन्या पोस्ट बघा.