रद्द केलेले सबस्क्रिप्शन अजून चालू का दिसते?

ऑनलाइन अभ्यासवर्ग चालवणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहक साहाय्य विभागात मी काम करते. एके दिवशी एका ग्राहक बाईंनी फोनवर अशी तक्रार केली, की आमच्याकडचे रद्द करण्याचे बटण नुसते दिखाव्याचे आहे. त्यांनी ९ मार्चला महिन्याचे पैसे भरले होते आणि १४ मार्चला सबस्क्रिप्शन रद्द केले होते. तरीही १७ मार्चला अ‍ॅप उघडल्यावर सगळे धडे पूर्वीसारखेच दिसत होते आणि खात्यावर ‘चालू’ असे लिहिलेले होते. “रद्द झाले असते तर बंद पडले असते. म्हणजे पुढच्या महिन्यातही तुम्ही पैसे कापणार,” असे त्या ठामपणे म्हणाल्या. आपला प्रवेश ताबडतोब बंद करावा, म्हणजे खात्री पटेल, अशी त्यांची मागणी होती.

अशी तक्रार खरीही असू शकते, असे धरूनच मी तपासणी सुरू करते. काही जण फक्त अ‍ॅप काढून टाकतात आणि त्यालाच रद्द करणे समजतात, पण अ‍ॅप काढल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. काहींची दोन वेगळ्या ईमेलवर दोन खाती असतात आणि एक रद्द केले तरी दुसऱ्यातून पैसे जात राहतात. म्हणून त्यांचा ईमेल आणि त्यांनी पैसे भरल्याची नोंद मी आधी जुळवून पाहिली. खाते एकच होते. त्याची स्थिती `active` होती आणि `cancel_at_period_end` पुढे `true` असे होते. याचा अर्थ त्यांची सूचना पोहोचली होती, नोंदली गेली होती आणि ९ एप्रिलला अमलात येणार होती.

त्यांना मी सांगितले, “मॅडम, तुम्ही ९ मार्चला जे पैसे भरलेत, ते ९ एप्रिलपर्यंतच्या महिन्याचे आगाऊ आहेत. महिन्याचा पास काढल्यावर पुढचा पास घ्यायचा नाही असे ठरवले, तरी हातातला पास त्याच्या तारखेपर्यंत चालतोच. रद्द करताना तुम्ही आम्हाला पुढचे पैसे घेऊ नका असे सांगितले आहे, आणि जे दिवस तुम्ही विकत घेतले आहेत ते अजून तुमचेच आहेत.” त्या दिवसांचा प्रवेश आम्ही लगेच काढून घेतला असता आणि पैसेही ठेवून घेतले असते, तर ते माझ्या मते सरळ अन्यायाचे झाले असते. १४ मार्चला त्यांच्या मुदतीचे २६ दिवस शिल्लक होते.

तरीही त्यांची शंका पूर्ण फिटली नव्हती, आणि मला ते रास्त वाटले. केवळ माझ्या शब्दावर त्यांनी का विसंबावे? म्हणून फोन चालू असतानाच मी त्यांना खात्याचे पान उघडायला लावले. रद्द करण्यापूर्वी तिथे पुढील नूतनीकरणाची तारीख आणि कापली जाणारी रक्कम दिसते. रद्द केल्यावर त्या जागी ‘९ एप्रिलपर्यंत वापरता येईल’ एवढेच उरते आणि पुढील बिलाची ओळ नाहीशी होते. १४ मार्चला त्यांना आलेला रद्द झाल्याचा ईमेलही त्यांनी शोधून काढला. या दोन्ही गोष्टी खात्री पटवणाऱ्या होत्या, कारण पैसे कापले जाण्याआधी आमच्या यंत्रणेत पुढच्या मुदतीचे बिल तयार व्हावे लागते, आणि बिलाची तारीखच नसेल तर कार्डापर्यंत काही जात नाही.

प्रवेश लगेच बंद करणे मला शक्य होते. मात्र तसे केल्याने उरलेल्या दिवसांचे पैसे आमच्या नियमाप्रमाणे आपोआप परत मिळत नाहीत. रिफंडचा अर्ज वेगळा असतो आणि तो मंजूर झाला की प्रवेश त्याच वेळी संपतो. हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले. थोडा विचार करून त्यांनी मुदत संपेपर्यंत धडे पाहायचे ठरवले. मोफत चाचणीच्या काळात सबस्क्रिप्शन रद्द केले तर काही सेवा प्रवेश त्याच क्षणी थांबवतात, आणि त्यामुळेही लोकांची अपेक्षा तशी होत असावी.

९ एप्रिलच्या सकाळी त्यांचा पुन्हा फोन आला, कारण अ‍ॅप अजून उघडत होते. नोंद पाहिली तर मार्चमध्ये त्यांनी पैसे रात्री भरले होते. मुदत मध्यरात्री संपत नाही. ती पैसे भरल्याच्या वेळेला संपते, म्हणून त्या दिवशी त्यांना रात्रीपर्यंत प्रवेश असणे बरोबरच होते. दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून त्यांचे खाते पाहिले: स्थिती बदलून `canceled` झाली होती आणि नवे बिल निघालेले नव्हते. तसे मी त्यांना लेखी कळवले.

त्यानंतर आमच्या रद्द झाल्याच्या ईमेलचा मजकूर बदलावा असा आग्रह मी विभागाकडे धरला. पूर्वी त्यात ‘आपले सबस्क्रिप्शन रद्द झाले आहे’ एवढेच असे. आता प्रवेश कोणत्या तारखेला आणि किती वाजता संपेल, आणि त्यानंतर कार्डातून काहीही कापले जाणार नाही, ही दोन वाक्ये त्याच्या अगदी वरच्या भागात असतात.