रात्री बाराची मोजणी

"मॅडम, तुमच्या रेझ्युमेवर बेड ऑक्युपन्सी ७१च टक्के का? सरळ नव्वद लिहा ना, कोण तपासायला येतंय?"

असं तुम्ही विचारता. एक जण आले होते तपासायला. माझ्यासमोर बसून, माझ्याच रेझ्युमेच्या पाठकोऱ्या बाजूवर, पेन्सिलीनं.

तेव्हा मी नव्वदच लिहिलं होतं. आणि तो आकडा काही मी मनानं रचलेला नव्हता. आमच्या ८० खाटांच्या हॉस्पिटलचा दर महिन्याला एमआयएस म्हणजे कामकाजाचा अहवाल निघायचा, ऑक्युपन्सीच्या, म्हणजे किती टक्के खाटा भरलेल्या होत्या त्या रकान्यात ८९, ९०, ९१ असं काहीतरी यायचं, ट्रस्टी खूश व्हायचे आणि मीही. तो रकाना भरतो कसा, हे विचारायचं मला चार वर्षांत एकदाही सुचलं नाही. आळस म्हणा हवं तर. खोटेपणा म्हणू नका.

मुलाखत पुण्यात होती, डेप्युटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या जागेसाठी. समोर तिघे: एचआरची मुलगी, एक ट्रस्टी आणि लष्करातून निवृत्त झालेले मेडिकल सुपरिंटेंडेंट. एचआर आणि ट्रस्टी गोड बोलत होते. डॉक्टर नुसते वाचत होते. माझ्या रेझ्युमेवर लागोपाठ तीन ओळी होत्या. ऑक्युपन्सी ९० टक्के. महिन्याला सरासरी ४२० डिस्चार्ज. रुग्णाचा सरासरी मुक्काम ४ दिवस. त्यांनी कागद उलटा केला आणि लिहिलं: ४२० गुणिले ४, १६८०. त्याखाली ८० गुणिले ३०, २४००. मग भागाकार. सत्तर.

"महिनाभरात तुमच्या खाटांवर सोळाशे ऐंशी दिवस पेशंट होते, असं तुम्हीच लिहिलंय. नव्वद टक्क्यांना दोन हजार एकशे साठ लागतात. बाकीचे चारशे ऐंशी दिवस कोण झोपलं होतं?"

मी म्हटलं, "सर, काही पेशंट लाँग स्टे असतात."

"मग ते चारच्या सरासरीत आलेच की."

पुढं बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. ते रागावलेही नाहीत. पेन्सिल खिशात घातली आणि "ठीक आहे, कळवू" म्हणाले. एचआरच्या मुलीनं पुढचा रेझ्युमे वर घेतलेला मला दिसला.

दुसऱ्या दिवशी जाऊन सॉफ्टवेअर बघणाऱ्या मुलाला धरलं. दहा मिनिटांत उलगडा झाला. आमच्याकडे डायलिसिसची आठ मशीन होती. तीन पाळ्या, रविवार बंद, महिन्याला पावणेपाचशेच्या आसपास डायलिसिस. इन्शुरन्सचं बिल सोपं जावं म्हणून प्रत्येक वेळी त्या रुग्णाला आयपीडी नंबर, म्हणजे दाखल रुग्णाचा नंबर, दिला जायचा, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक आयपीडी नंबरमागे एक दिवस मोजायचं. माणूस चार तासांनी घरी जाऊन जेवतोय, कागदावर मात्र त्यानं आमची खाट दिवसभर अडवलेली. बरं, डायलिसिसच्या खाटा त्या ८०मध्ये धरलेल्याच नव्हत्या. म्हणजे भागाकारात माणसं वर मोजली आणि त्यांच्या खाटा खाली सोडून दिल्या. डिस्चार्ज आणि मुक्कामाचे आकडे मी एमआरडीच्या, म्हणजे रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागाच्या, रजिस्टरवरून घेतले होते, तिथं डायलिसिस येतच नव्हती. दोन ठिकाणचं पाणी मी एका घागरीत भरलं होतं.

खरं मोजमाप आमच्याच वॉर्डांत रोज होत होतं. रात्री बारा वाजता सिस्टर वॉर्डभर फिरून भरलेल्या खाटा मोजते आणि सेन्ससच्या वहीत लिहिते. महिन्याभराच्या त्या आकड्यांची बेरीज, भागिले चालू खाटा आणि दिवस यांचा गुणाकार, गुणिले शंभर. झालं. मी बसून तीन महिन्यांच्या वह्या जुळवल्या, ७१ आले. म्हणून आता माझ्या रेझ्युमेवरची ओळ अशी आहे: "८० चालू खाटा, आयसीयू धरून, डायलिसिस व डे केअर वगळून, रात्री १२च्या सेन्ससप्रमाणे सरासरी ऑक्युपन्सी ७१ टक्के, सरासरी मुक्काम ४ दिवस." लांब आहे, माहीत आहे.

तेव्हाची मी आजच्या मला म्हणते, अगं, पण तुझ्याकडे आकडा होता ना, छापील! हो, होता. आणि मुलाखतीला डायलिसिसचं कारण ऐनवेळी सुचलं असतं तर मीही तोंड वर करून सांगितलं असतं, हेही खरं.

त्या धक्क्यात दुसरी ओळ तपासली. "बिलिंग टर्नअराउंड ४ तासांवरून ५५ मिनिटांवर." ही तर माझी लाडकी ओळ. आता एक साधा दिवस घ्या. कन्सल्टंट साडेनऊला म्हणाले, आजी आज घरी. आरएमओ, म्हणजे वॉर्डातला निवासी डॉक्टर, ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेला, डिस्चार्ज समरी झाली साडेअकराला. उरलेली औषधं फार्मसीत परत जाऊन त्यांची नोंद व्हायला सव्वाबारा. फाइल बिलिंगला पोचली बारा चाळीसला, बिल तयार एक पस्तीसला. पंचावन्न मिनिटं अगदी बरोबर! फक्त आजी साडेनऊपासून पिशवी भरून, चपला घालून खाटेच्या कडेवर बसलेल्या. मी घड्याळ लावलं होतं फाइल आल्यापासून, त्यांनी लावलं होतं डॉक्टरांच्या तोंडून शब्द निघाल्यापासून.

पुढं जे काम केलं त्याला रेझ्युमेच्या भाषेत विभागीय समन्वय म्हणतात. प्रत्यक्षात रोज संध्याकाळी सहाला उद्याच्या संभाव्य डिस्चार्जची यादी काढायची, रात्रपाळीच्या आरएमओनं समरीचा कच्चा मसुदा करून ठेवायचा, आणि सिस्टरनं रात्रीचा नि सकाळचा डोस ठेवून बाकीची औषधं आदल्या दिवशीच परत पाठवायची. इतकंच. यासाठी फार्मसी इनचार्जशी तीन आठवडे भांडले. रोख पैसे भरणाऱ्यांचं काम आता डॉक्टरांच्या शब्दापासून रुग्ण दाराबाहेर पडेपर्यंत अडीच तासांत होतं. अकराला राउंड घेणाऱ्या कन्सल्टंटचं काही करू शकले नाही. कॅशलेसचा आकडा वेगळा लिहिते. २०२४च्या मे महिन्यात विमा नियामक आयआरडीएआयनं विमा कंपन्यांना डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीसाठी तीन तासांची मर्यादा घातली, पण ते तीन तास आपण विनंती पाठवल्यावर सुरू होतात. त्याआधीचा उशीर आपलाच.

हॉस्पिटलांच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या एनएबीएचचंही तसंच; "अ‍ॅक्रेडिटेशन मिळवून दिलं" हे वाक्य आमच्या हॉस्पिटलमधल्या निदान पाच जणांच्या रेझ्युमेवर आहे. मी माझ्याकडे होतं तेवढंच लिहिते: इमारत-सुरक्षेचं प्रकरण, आणि त्यात निघालेल्या सात त्रुटी मुदतीत बंद केल्या. लिफ्टमनला असेसरनं 'कोड रेड' म्हणजे काय विचारलं आणि त्यानं आग लागल्यावर काय करायचं ते धडाधड सांगितलं, त्याचा मला जास्त अभिमान आहे. पण ते कुठल्या ओळीत बसवणार?

आता तुमचं म्हणणं. ७१ लिहिल्यापासून मला फोन कमी येतात का? येतात. एचआर आकडा बघते, वगळलेलं-धरलेलं वाचत नाही. तुम्ही चूक आहात असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडेच असिस्टंट मॅनेजरसाठी रेझ्युमे आले. निवडायला मी बसले होते. एकावर ६८ टक्के, खाली सगळा हिशोब. एकावर ठळक अक्षरांत ९३. मी आधी फोन ९३वाल्याला लावला. लावून झाल्यावर पाहिलं, तर सरासरी मुक्काम त्यानं लिहिलाच नव्हता.