आमची वाटचाल: अंबडच्या गाळ्यातल्या चार खोल्या

आमची लॅब नाशिकला अंबड एमआयडीसीत आहे, एका लांबट गाळ्यात. काम मुख्यतः डाळिंबाचं. सटाणा, देवळा, मालेगाव, कळवण या पट्ट्यातले नर्सरीवाले आणि टिशू कल्चरवाले मातृवृक्षांची पानं आमच्याकडे पाठवतात, त्यात डाळिंबाच्या तेल्या रोगाचा बॅक्टेरिया, म्हणजे झँथोमोनास, लपलेला आहे का हे आम्ही पीसीआरने बघून देतो. पानावर डाग दिसायच्या आधीच कळायला हवं असतं, कारण एकदा त्या झाडाच्या कलमा गावोगाव गेल्या की मग काही हातात राहत नाही.

सुरुवातीला सगळे विचारायचे की मशीन कुठलं घेतलंत. खरं तर आम्ही पहिला मोठा खर्च मशीनवर केलाच नाही, भिंतींवर केला. बँकेच्या साहेबांना प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पार्टिशन, वेगवेगळे एसी, चार जागी वेगळे फ्रीज हे बघून प्रश्न पडला, म्हणाले "अहो, एका हॉलमध्ये मावेल की हे सगळं, एवढ्या भिंती कशाला?" माझ्या पार्टनरने त्यांना तिथेच कागदावर हिशोब करून दाखवला, तोच इथे देतो.

पीसीआरमध्ये डीएनएचा ठरलेला तुकडा दर सायकलला दुप्पट होत जातो. ३०-३५ सायकल झाल्या की २५ मायक्रोलिटरच्या ट्यूबमध्ये त्या तुकड्याच्या साधारण एक लाख कोटी प्रती असू शकतात, यालाच अँप्लिकॉन म्हणतात. म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये ४००० कोटी. आता ती ट्यूब उघडताना झाकणाला चिकटलेला द्रव उडतो, समजा मायक्रोलिटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा थेंब हवेत गेला, डोळ्याला दिसणारच नाही असा, तरी त्यात ४० हजार प्रती आहेत. आणि आमची टेस्ट १०-२० प्रतीसुद्धा पकडते. तो थेंब वाळतो, धुळीला चिकटतो, कोटाच्या बाहीवर बसतो, आणि उद्याच्या निरोगी झाडाच्या ट्यूबमध्ये पडला की ते झाड रोगट ठरतं. नर्सरीवाला चांगला मातृवृक्ष उपटून जाळतो, नाहीतर त्याची अख्खी लॉट नाकारली जाते. साहेबांनी कागद घडी करून फाइलला लावला, लोन झालं.

तर खोल्या अशा. दारातून आत आलं की पहिली रीएजंटची खोली, तिथे फक्त मास्टर मिक्स, म्हणजे टेस्टच्या रसायनांचं मिश्रण, बनतं, झाडाचं पान नाही, डीएनए नाही, पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे ज्यात बॅक्टेरियाचा डीएनए नक्की आहे असा नमुना, तोसुद्धा नाही. दुसरी सॅम्पलची, पानं कुटायची, डीएनए काढायचा आणि मिक्समध्ये टाकायचा. पॉझिटिव्ह कंट्रोल पण इथेच, सगळ्यात शेवटी, बाकीच्या ट्यूबांची झाकणं बंद झाल्यावर. तिसरीत मशीन. चौथी गाळ्याच्या पार टोकाला, जेलची खोली, झालेल्या ट्यूबा फक्त तिथेच उघडतात. रिअल टाइम पीसीआरमध्ये ट्यूब उघडायची गरजच नसते, निकाल बंद ट्यूबमधून येतो, पण काही पॉझिटिव्ह सॅम्पलचा तुकडा आम्ही वेगळा वाढवून सिक्वेन्सिंगला पाठवतो, त्याला जेलवर बघावं लागतं, म्हणून चौथी खोली.

चालणं एकाच दिशेने, एक ते चार. जो चौथीत गेला तो त्या दिवशी परत पहिलीत येत नाही, दुसऱ्या दिवशी अंघोळ करून धुतलेल्या कपड्यांनीच. माणसांपेक्षा वस्तूंचा त्रास जास्त असतो हे मी ठामपणे सांगेन. ट्यूबचा रॅक, मार्कर पेन, वही, मोबाईल, हातात आहे हे लक्षातही न राहता परत येतात. म्हणून प्रत्येक खोलीचा रंग ठरवला, पहिलीचं सगळं पांढरं, दुसरीचं निळं, तिसरीचं पिवळं, चौथीचं लाल, पिपेटच्या मुठीवर सुद्धा त्या रंगाची टेप. लाल टेपची वस्तू निळ्या खोलीत दिसली की शिकाऊ मुलगीसुद्धा लगेच ओरडते. कागद मागे येत नाही, निकाल स्क्रीनवर ऑफिसमध्ये दिसतो. वापरलेल्या प्लेट न उघडता दोन पिशव्यांत सील करून जातात, आणि त्या आमच्याकडे ऑटोक्लेव्ह करत नाही, कारण त्या वाफेत झाकणं उघडली तर सगळं बाहेर पसरतं.

हवेचं म्हणाल तर मोठ्या लॅबसारखी प्रेशरची यंत्रणा आम्हाला परवडली नाही. प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्प्लिट एसी, डक्ट कॉमन नाही, पहिल्या खोलीत बाहेरची हवा गाळून आत ढकलणारा पंखा आणि चौथीत बाहेर फेकणारा एक्झॉस्ट. दाराच्या फटीशी टिशू पेपरची पट्टी धरायची, पहिलीच्या दारात ती बाहेर उडायला हवी आणि चौथीच्या दारात आत खेचली जायला हवी. रोज सकाळी बघतो, फिल्टर तुंबला की पट्टी आधी सांगते.

आता चेकिंगबद्दल, कारण भिंती असल्या तरी त्या काम करतायत का हे रोज बघावंच लागतं. प्रत्येक प्लेटमध्ये ८ ट्यूबा आम्ही डीएनएऐवजी पाणी टाकून लावतो, एनटीसी म्हणतात त्यांना, आणि त्या एका कोपऱ्यात न ठेवता प्लेटभर विखरून. शिवाय डीएनए काढतानाच पान न टाकलेली एक ट्यूब सगळ्या स्टेपमधून जाते, तो ब्लँक. ब्लँक पॉझिटिव्ह आणि एनटीसी साफ असेल तर घाण दुसऱ्या खोलीत आहे, एनटीसीच पॉझिटिव्ह असेल तर मिक्स, पिपेट किंवा हवा. आणि दर सोमवारी स्वॅब: न्यूक्लिएजमुक्त पाण्यात ओला केलेला कापसाचा बोळा टेबल, फ्रीजचं हँडल, दाराची कडी, पिपेटचं टोक, सेंट्रीफ्यूजचं झाकण यावर फिरवायचा, थोड्या पाण्यात पिळायचा आणि ते पाणी सॅम्पल समजून टेस्टला लावायचं. पहिल्या खोलीत पाण्याची एक ट्यूब तासभर उघडी ठेवतो, हवेसाठी.

या सगळ्याचा खरा उपयोग कळला तो एका हंगामात, सांगतो. एका प्लेटमध्ये आठातल्या दोन एनटीसीत डीएनए वाढल्याचा वक्र उठला, सीटी ३६ आणि ३७, बाकी सहा साफ. सीटी म्हणजे कितव्या सायकलला वक्र उठला तो आकडा, तो जितका लहान तितक्या सुरुवातीच्या प्रती जास्त. आमच्या लॅबमधल्या सीनियर ताई म्हणाल्या, "मिक्स खराब नाहीये, मिक्स खराब असतं तर आठही आले असते आणि एकसारखे आले असते." बरोबर होतं त्यांचं. रीएजंटमध्ये घाण असली की ती प्रत्येक ट्यूबमध्ये सारखी वाटली जाते, आणि अशी उशिरा, इकडेतिकडे आलेली म्हणजे अधूनमधून पडणारी, पिपेटमधून नाहीतर धुळीतून. लगेच सगळीकडे स्वॅब घेतले. टेबल साफ, फ्रीज साफ, हवेची ट्यूब साफ, आणि पहिल्या खोलीतल्या २० मायक्रोलिटरच्या पिपेटचं टोक सीटी ३१.

पुढचा प्रश्न महत्त्वाचा होता. हे खरे बॅक्टेरिया आहेत की जुना अँप्लिकॉन? पान कुटतानाचे बॅक्टेरिया मागे आले असतील तर दुसरी खोली तपासायची, अँप्लिकॉन असेल तर चौथी. डीएनएचा कुठला तुकडा वाढवायचा हे प्रायमर ठरवतात, आणि यासाठी आम्ही पहिल्यापासून एक दुसरा प्रायमर सेट ठेवलाय, त्याच बॅक्टेरियाच्या वेगळ्याच जनुकाचा, आणि नियम असा की त्या सेटची झालेली ट्यूब आमच्या गाळ्यात कधीही उघडायची नाही. खऱ्या बॅक्टेरियात दोन्ही जनुकं असतात, अँप्लिकॉनमध्ये फक्त वाढवलेला तुकडाच असतो. त्या पिपेटच्या स्वॅबवर दोन्ही सेट लावले, पहिला ३१ ला आला, दुसरा ४० सायकलपर्यंत आलाच नाही. म्हणजे अँप्लिकॉनच. हे ३१ च्या स्वॅबवरच केलं, ३७ च्या एनटीसीवर केलं नाही, कारण तिथे इतक्या कमी प्रती असतात की खरे बॅक्टेरिया असले तरी दुसरा सेट योगायोगाने हुकू शकतो.

मग रजिस्टर उघडलं. आदल्या आठवड्यात बाहेरचे एक टेक्निशियन पिपेट कॅलिब्रेट करायला आले होते, आणि त्यांनी चारही खोल्यांच्या पिपेट एकाच टेबलावर मांडून, एकाच कपड्याने पुसून काम केलं होतं. लाल टेपवाल्या पिपेटवरचं पांढऱ्या टेपवाल्यावर गेलं, सरळ आहे.

साफसफाई अशी केली: पिपेटचा खालचा भाग मॅन्युअल बघून उघडला, ताज्या ब्लीचमध्ये, म्हणजे घरगुती ब्लीच एकास नऊ पाणी, पंधरा मिनिटं ठेवला, मग भरपूर पाण्याने धुवून वाळवला. त्याच टेबलावर गेलेल्या बाकी पिपेटचंही तसंच. नुसत्या स्पिरिटने पुसून डीएनए मरत नाही, तो फक्त पसरतो. युव्ही लाइट आहे आमच्याकडे पण छोट्या आणि वाळलेल्या तुकड्यांवर ती कमी चालते, सावलीत तर नाहीच, म्हणून तिच्या भरवशावर राहत नाही. आणि एक, डीएनए किटच्या काही बफरमध्ये ग्वानिडीन असतं, त्यावर ब्लीच पडलं की विषारी वायू निघतो, म्हणून दुसऱ्या खोलीत ब्लीचची बाटली आणि किटचा कचरा एकत्र येऊ देत नाही. उघडे असलेले सगळे मिक्स फेकले, फ्रीजरमधले न उघडलेले छोटे भाग काढले, नुसत्या एनटीसीच्या प्लेट लावल्या, सलग तीन साफ आल्या तेव्हाच काम चालू.

त्या मधल्या आठवड्याचे रिपोर्ट आम्ही थांबवले होते. २३-२४ सीटीचे सॅम्पल संशयाचे नव्हतेच, इतकी प्रचंड मात्रा धुळीतून येत नाही. ३३ च्या पुढचे सगळे परत केले, काढलेल्या डीएनएवरून नाही तर फ्रीजमध्ये राखून ठेवलेल्या पानावरून, कारण डीएनएच्या ट्यूबमध्येच घाण गेली असेल तर तीच परत मोजली जाईल. देवळ्याच्या एका नर्सरीचा मातृवृक्ष पहिल्यांदा दोन ट्यूबांपैकी एकीतच ३६ ला आला होता, पानावरून परत केला तर दोन्ही सेटला, दोनदा, साफ. तो भाऊ फोनवर म्हणाला, "म्हणजे झाड ठेवू ना ताठ?" म्हटलं ठेवा.

आता कॅलिब्रेशनला पहिल्या तीन खोल्यांच्या पिपेट पांढऱ्यापासून सुरू करून एकेक करत होतात, ज्याच्या त्याच्या खोलीत, आणि लाल टेपच्या वेगळ्या दिवशी. मिक्समध्ये यूएनजी एन्झाइमही घेतो, ते जुना अँप्लिकॉन सायकल सुरू व्हायच्या आधी तोडतं, पण तो अँप्लिकॉन थायमिनऐवजी युरॅसिल घालून बनलेला असला तरच. म्हणून जेलसाठीच्या पीसीआरमध्येसुद्धा आम्ही युरॅसिलचंच मिक्स वापरतो, नाहीतर चौथ्या खोलीतल्या तुकड्यांवर यूएनजी काहीच करणार नाही.

रिपोर्टबरोबर त्या प्लेटच्या आठही एनटीसी आणि ब्लँकचे निकाल आता नर्सरीवाल्यांना जातात. सुरुवातीला कोणी बघत नव्हतं, आता काही जण फोन करून आधी तेच विचारतात.