ओट्यावरचं बटर

"ताई, मैदा-साखर सगळं वजन करून घेते, तरी कुकीज पसरून पापड का होतात?"

पाककृतीत लिहिलेलं असतं, बटर 'रूम टेंपरेचर'ला आणा. ही खोली बहुतेक थंड मुलखातली, २० अंशांच्या आसपासची. रत्नागिरीत मे महिन्यात दुपारचं स्वयंपाकघर सहज ३२ अंशांवर असतं, आणि तेवढ्यात बटर वितळायलाच लागतं. फेटताना साखरेचे दाणे घट्टसर बटरमध्ये हवा कोंडतात. बटर पातळ झालं की ती हवा टिकत नाही, आणि ओव्हनमध्ये मैदा-अंडं धरायच्या आधीच सगळं वाहून जातं.

म्हणून इथे बटर तासभर बाहेर ठेवायचं नाही. फ्रीजमधून काढून बारीक तुकडे करा, दहा मिनिटांत फेटायला घ्या. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट रुतू नये. कडेला तेलकट चकाकी दिसली तर भांड्यासकट परत फ्रीजमध्ये.

तुमच्या प्रमाणात ११५ ग्रॅम बटरला २०० ग्रॅम साखर आहे, तीही सगळी पांढरी. साखर तापल्यावर विरघळून पाक होते आणि गोळा सैल करते. त्यातली १०० ग्रॅम ब्राऊन शुगर घ्या. तिच्यातल्या काकवीचा किंचित आंबटपणा सोड्याला लागतो, कुकी लवकर फुगते आणि धरते. मधला भाग मऊही राहतो. घरी मिक्सरला बारीक केलेली साखर मात्र टाळा, ती फारच पटकन विरघळते. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोअर असतं, तिचा हिशेब वेगळा.

पीठ भिजलं की गोळे करून झाकून निदान तासभर फ्रीजमध्ये, रात्रभर ठेवलेत तर उत्तम. नुसतं बटर घट्ट होतं असं नाही, मैदा ओलावा शोषून घेतो. गोळे फ्रीजमधून थेट ओव्हनमध्ये जावेत. ताटात मांडून गप्पा मारत बसलात तर फ्रीजमधला तास वाया.

ओव्हन १८० अंशांवर. कमी आचेवर बटर आधी वितळतं, कड मागाहून धरते, म्हणजे पसरायला आयती सवड. छोट्या ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही, आत ठेवायचा साधा थर्मामीटर घ्याच. दिवा विझला तरी आणखी दहा मिनिटं तापू द्या, आणि दार पटकन लावा.

पहिला घाणा बरा आणि दुसरा सपाट, असं होत असेल तर बटर-साखरेला दोष देऊ नका. ट्रे गरम आहे. नळाखाली थंड करून, पुसून मगच पुढचे गोळे ठेवा. आणि सगळे गोळे मांडायच्या आधी एकच भाजून बघा. तोही पसरला तर उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा मिसळून पुन्हा थंड करा.