भाऊबीजेचा धडा

‘घरात तुम्ही कोंकणी बोलता, पोर इंग्लंडात शिकते. मग मराठीच्या पुस्तकातले धडे फोटो काढून, भाषांतर करून तिला कशाला पाठवता?’

आमच्या घरात बोलणं कोंकणीत आणि कागद मराठीत. आरत्या, पोथ्या, आजोबांची पत्रं, सगळं मराठी. फोंड्यात हे कुणाला सांगायला लागू नये, पण विचारणारे बहुतेक इथलेच असतात, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. भाची नऊ वर्षांची आहे. कोंकणी तिला घरात कानावरून येते. अक्षर मात्र कुणीतरी डोळ्यांसमोर धरावं लागतं.

तिसरीचं पुस्तक घेऊन मी सकाळी बाल्कांवात बसते. फ्लॅश लावला की गुळगुळीत कागदावर पांढरा डाग पडतो आणि नेमकी त्याखालची ओळ जाते. पान शिवणीपाशी वाकलं की रफार आणि वेलांट्या एकमेकांत मिसळतात, म्हणून दुसऱ्या हाताने पान सपाट दाबून एका फोटोत एकच परिच्छेद घेते. खाली वाक्यामागून वाक्य इंग्रजी. सणाचे आणि नात्याचे शब्द मात्र देवनागरीतच ठेवते आणि प्रत्येकाला एक ओळ देते. इंग्रजीत काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा सगळे एकच होतात, आणि मग दिवाळीच्या धड्यात कोण कुणाच्या घरी का गेलं हेच पोरीला कळत नाही.

त्या दिवाळीच्या धड्यात मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात. आमच्याकडे पोरं नरकासुर करतात, चतुर्दशीच्या पहाटे तो जाळतात, मग न्हाऊन, पायाखाली कारीट फोडून फोव खातात. सुरुवातीला मी भाषांतरात किल्ला काढून नरकासुरच घालत असे. आपल्या पोरीला आपली दिवाळी कळू दे, असं तेव्हाची मी म्हणायची. आता किल्ला तसाच ठेवते आणि नरकासुर खाली वेगळा लिहिते, कारण चित्रात तिला किल्ला दिसत असतो. पण तेव्हाच्या माझं सगळंच खोडून काढावं असंही मला वाटत नाही. तळटीप वाचून आपलं घर कितीसं कळणार?

त्याच धड्याच्या शेवटी मुलीचे बाबा भाऊबीजेला आत्याकडे जातात. मी लिहिलं: ‘आत्या – बाबांची बहीण. भाऊबीज – कार्तिक शुद्ध द्वितीया. भाऊ बहिणीच्या घरी जेवायला जातो, ती त्याला ओवाळते. ओवाळणी – त्या वेळी भाऊ ताटात घालतो ती भेट.’

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. तिने ‘आत्या’ बोटाने दाखवून वाचलं आणि विचारलं, ‘आते, बाबा भाऊबीजेक तुगेर कित्याक येना?’

विमानाचं तिकीट महाग, असं मी म्हणाले. ती म्हणाली, मे महिन्यात आम्ही आलो होतो की, तेव्हाही नाही आला. खरं होतं. घराच्या वाटणीवरून भावाचं आणि माझं बिनसल्यापासून तो गोव्यात येतो तो सासरी उतरतो. तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मागे भाऊ उभा होता. त्याने फोन घेतला नाही, आवाजही केला नाही, फक्त स्क्रीनमधून बाजूला झाला.

रात्री उशिरा त्याचा फोन. ‘पोरीच्या तोंडून मला बोलणी ऐकवतेस?’

मी म्हणाले, धडा पुस्तकात त्याच क्रमाने आहे. तो आहेच. आधीचा पावसाचा होता, नंतरचा बाजाराचा. मी निवडून पाठवला नव्हता, आणि हे मी आजही कुणाच्याही समोर सांगेन. पण तो शेवटचा परिच्छेद लिहिताना माझा हात थांबला होता, हेही खरं आहे. गाळता आला असता. मी गाळला नाही. आत्या म्हणजे कोण हे तिला कळायचं असेल, तर आत्याच्या घरी काय होतं हे गाळून कसं चालेल? मी दुखावलेली होते म्हणून असं वाटलं, की ते खरंच बरोबर होतं, हे मला वेगळं करता येत नाही.

भाऊ म्हणाला, पाठवायचं तर किल्ला, करंज्या, आकाशकंदील एवढंच पाठव. म्हणजे सणातली माणसं काढायची आणि खाणं ठेवायचं. तसले धडे इंग्रजीतही ढिगाने मिळतात. त्यासाठी मला बाल्कांवात बसायची गरज नाही.

पुढचा धडा चवथीचा आहे. त्यात सगळे भाऊ मूळ घरी एकत्र जमतात, एकच गणपती बसवतात. फोटो काढून झालेत, माटोळीची ओळही लिहिली आहे: ‘गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट, तिला रानातली फळं, सुपारीचे घोस, नारळ बांधतात.’ मूळ घराची ओळ लिहायची बाकी आहे. भाऊ म्हणतो, यापुढे पाठवायच्या आधी मला दाखव. मी अजून हो म्हटलेलं नाही.