कोपऱ्यातली ओल

प्रश्न साधा होता. आमच्या चर्चागटावर एका बाईंनी विचारले होते की, झोपायच्या खोलीच्या एका कोपऱ्यात भिंतीला ओल धरते. ती बाहेरून झिरपते आहे की खोलीतल्या हवेतलीच वाफ गार भिंतीवर जमते आहे, हे नवा रंग लावण्याआधी कसे ओळखावे? पहिली दोन उत्तरे मुद्द्याला धरून आली. तिसऱ्या गृहस्थांनी जाता जाता लिहिले की, सिमेंटच्या गिलाव्यापेक्षा जुना चुन्याचा गिलावा केव्हाही बरा. चौथ्यांनी याला भाबडेपणा म्हटले, पाचव्यांनी चौथ्यांचा अनुभव काढला, आणि पंधराव्या उत्तराला पोहोचेपर्यंत 'आपण आयुष्यात कधी थापी हातात धरली आहे काय?' इथपर्यंत मजल गेली होती. बाई केव्हाच गप्प झाल्या होत्या.

चर्चा भरकटली आहे की नुसतीच पसरली आहे, हे ठरवण्यासाठी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: या उत्तरामुळे विचारणारी व्यक्ती उद्या सकाळी वेगळे काही करील का? चुन्याचा विषय मुळात गैरलागू नव्हता, कारण चुन्याच्या गिलाव्यातून ओलावा सिमेंटच्या मानाने सहज बाहेर पडतो. मात्र शेवटच्या सहा उत्तरांत 'कोपरा', 'ओल', 'रंग' यांपैकी एकही शब्द उरला नव्हता आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला कोणाचे तरी नाव होते. एवढी खूण मला पुरेशी वाटते.

अशा वेळी पूर्वी मी 'कृपया मूळ विषयावर या' असे लिहून मोकळा होत असे. त्याचा परिणाम ठरलेला असे: भांडणारे दोघेही माझ्याकडे वळत आणि विषय सोडला कोणी, तसेच हे सांगणारा मी कोण, असा तिसराच वाद उभा राहत असे. न्यायनिवाडा करण्याचा मोहही मी आवरायला शिकलो आहे. 'दोघांचेही काही अंशी बरोबर आहे' हे वाक्य वरवर निरुपद्रवी दिसते, पण ते वाचताच प्रत्येक जण आपला अंश मोठा होता हे सिद्ध करायला बसतो.

म्हणून या वेळी मी आधी सगळी उत्तरे पुन्हा वाचून काढली. हे काम कंटाळवाणे असते, पण भांडणाच्या ढिगाऱ्यात कामाच्या एकदोन गोष्टी हमखास गाडलेल्या सापडतात. नवव्या उत्तरात, टोमणा मारता मारता, सिमेंटवाल्या गृहस्थांनी ॲल्युमिनियमच्या फॉइलची चाचणी सांगून टाकली होती. रागाच्या भरात ती कोणाच्या लक्षातच आली नव्हती. मी वादाचा उल्लेखही न करता बाईंचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत वर आणला आणि खाली लिहिले: 'वर नवव्या उत्तरात याचा उपाय आला आहे. भिंतीचा तो भाग आधी पूर्ण कोरडा करून त्यावर हातभर फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करावी आणि एकदोन दिवसांनी पाहावे. थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओलावा भिंतीतून येतो आहे. आपल्या भिंतीवर ओल पावसानंतर वाढते की थंडीच्या सकाळी?'

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम बाईंना विचारला, आणि तोही एका शब्दात उत्तर देता येईल असा. विचारणारी व्यक्ती परत बोलू लागली की भांडणाऱ्यांना आपल्यासमोर एक खरी भिंत आहे याची आठवण होते. ज्यांनी चाचणी सांगितली होती त्यांचे श्रेय त्यांच्या उत्तराच्या क्रमांकासह दिले, कारण वाद जिंकण्यापेक्षा माणसाला आपले म्हणणे उपयोगी पडलेले अधिक आवडते, असा माझा अंदाज आहे. तो नेहमीच खरा ठरतो असे नाही. चुन्याच्या बाजूच्या गृहस्थांनी त्यानंतरही दोनदा थापीचा विषय काढला. त्यांना कोणी उत्तर दिले नाही, मीही नाही. तेवढे पथ्य पाळले नसते तर सगळा खटाटोप वाया गेला असता.

एक अडचण मात्र या युक्तीने सुटत नाही. बाई कंटाळून कायमच्या निघून गेल्या असत्या, तर प्रश्न वर आणूनही चर्चेला धरायला काही उरले नसते. त्यामुळे हे काम फार उशिरा करून चालत नाही, आणि वाद ऐन रंगात असताना केले तर कोणी वाचत नाही. दोन उत्तरांमध्ये जरा मोठी फट पडली की ती साधावी लागते.

बाईंनी लिहिले, 'थंडीच्या सकाळी.' दोन दिवसांनी पुन्हा लिहिले की थेंब खोलीच्या बाजूला आहेत आणि फॉइलची मागची बाजू कोरडी आहे. त्यावर सिमेंटवाल्या गृहस्थांनी विचारले, 'त्या कोपऱ्यात कपाट भिंतीला अगदी टेकलेले आहे का?' बाईंचे उत्तर आले: होय, टेकलेलेच आहे.